आपले मदतनीस : पोशाख थोडा, प्रसंग मोठा



'आपले मदतनीस' हा घटक आपण सगळेच घेतो. अंगणवाडी असो, बालवाडी असो की शाळेला जोडलेला पूर्वप्राथमिक वर्ग, भिंतीवर तो तक्ता असतोच. डॉक्टर, पोलीस, सैनिक, पोस्टमन, अग्निशामक दलाचा जवान. आणि वर्षातून एकदा, बहुतेक वेळा बालदिनाला नाहीतर स्नेहसंमेलनात, त्या तक्त्यातली माणसं मुलांच्या अंगावर चढतात. मीही अनेक वर्षं हेच करत होते. आता करत नाही. का करत नाही आणि त्याऐवजी काय करते, ते आज लिहिते आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही.

झालं असं. एका बालदिनाला साडेचार वर्षांचा एक मुलगा पोलीस होऊन आला. भाड्याचा ड्रेस, कमरेला ढिला पट्टा, ओठावर काजळाची मिशी, हातात काठी. फोटो छान आला. मी माईक पुढे केला नि विचारलं, "पोलीसदादा, तुम्ही काय काम करता?" पोरगा म्हणाला, "मारतो." सगळे हसले. मीपण हसले. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. त्या मुलाला पोलिसाबद्दल एवढंच माहीत होतं, आणि आपला कार्यक्रम त्याला त्याहून अधिक काही देऊ शकला नव्हता. उलट हातात काठी देऊन आपणच त्यावर शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "पोलीस आले तर तुम्ही काय कराल?" वीस-बावीस लेकरांपैकी बहुतेकांचं एकच म्हणणं, "मी लपून जाईन जी." एक पोट्टी म्हणाली, "मले भेव लागते." घरोघरी हेच चालतं ना आपल्याकडे. जेवत नाही, पोलीस येईल. रडतोस, नर्सबाई सुई देईल. ज्या माणसांकडे लेकरानं अडचणीत धावत जायला हवं, त्यांचीच भीती आपण घालून ठेवतो.

आता आपल्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. दुकानं, फुगे, पाळणे, दंडार, रात्री नाटक. पाहुण्यांनी घरं भरलेली, गावात चिक्कार गर्दी. अशा गर्दीत चार वर्षांचं लेकरू हात सुटून हरवलं तर? ते पोलिसापासून लपणार. म्हणून मी 'पोलीस' हा मदतनीस मंडईतच शिकवायचं ठरवलं. तक्त्यावरचे दहा मदतनीस दहा मिनिटांत उरकण्यापेक्षा एक मदतनीस, एक प्रसंग आणि एक आठवडा. माझं मत असं की भूमिकानाट्यात मदतनीस एकटा उभा राहून चालतच नाही. ज्याला मदत हवी आहे असं कुणीतरी समोर पाहिजे. 'मी डॉक्टर आहे, मी रोग्यांना तपासतो' हे पाठ केलेलं वाक्य आहे, ते नाट्य नाही. आजारी बाहुली घेऊन आलेली आई समोर बसली की नाट्य सुरू होतं.

तर मंडईचा खेळ कसा घेतला ते सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी खेळ नाही, फक्त गप्पा. मंडईत काय काय पाहिलं? मुलांकडे या विषयाचं एवढं भांडार असतं की मला काही बोलावंच लागलं नाही. चिवडा, जिलेबी, फुगे, पिपाणी, दंडारीत नाचणारे. मग विचारलं, गर्दीत आजीचा हात सुटला तर? एकदम शांतता. दोघांनी सांगितलं की ते खरंच हरवले होते. मुलांचे अनुभव आधी काढून घ्यायचे ते यासाठीच, म्हणजे प्रसंग आपला राहात नाही, त्यांचा होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मंडई मांडली. दोन सतरंज्या म्हणजे दोन दुकानं. एकात कुरमुऱ्याच्या जागी चिंचोके, दुसऱ्यात कागदाचे फुगे. मध्ये मोकळी जागा दंडारीसाठी. कोपऱ्यात एक खुर्ची म्हणजे पोलीस चौकी. पात्रं सहा : हरवलेलं लेकरू, आजी, दोन दुकानदार, दोन पोलीस. बाकीची मुलं दंडारीत नाचणार. त्यामुळे कुणी रिकामं बसत नाही, आणि गर्दीही आपोआप तयार होते. पोलीस मुद्दाम दोन ठेवले, एक मुलगा आणि एक मुलगी. न सांगता सोडलं तर पोलीस मुलगेच होतात आणि नर्स मुलीच होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

संवाद पाठ करून घेतले नाहीत. फक्त चार पायऱ्या ठरवल्या. हात सुटला की लेकरानं पळत सुटायचं नाही, आहे तिथेच थांबून आजीला मोठ्यानं हाक मारायची. आजी दिसली नाही तर जवळच्या दुकानदाराला नाहीतर पोलिसाला सांगायचं, "मी हरवलो." पोलिसानं आधी खाली बसायचं, म्हणजे लेकराच्या डोळ्यांना डोळे भिडतील असं, आणि तीन गोष्टी विचारायच्या : तुझं नाव काय, कुणासोबत आलास, गाव कोणतं. मग पुठ्ठ्याच्या भोंग्यातून पुकारायचं. आजी आली की लगेच लेकरू हवाली करायचं नाही. आधी लेकरालाच विचारायचं, "हीच तुझी आजी का?" त्यानं हो म्हटलं की मगच हात द्यायचा.

ही शेवटची पायरी मी पहिल्या वेळी ठेवली नव्हती. खेळात एक पोट्टी सहज पुढे झाली, "माझा नातू आहे," म्हणाली आणि पोलिसानं दुसऱ्याचं लेकरू तिला देऊन टाकलं. खरी आजी मागून ओरडत आली. मुलं खूप हसली, पण मला तिथे धडा सापडला. दुसऱ्या फेरीत ती पायरी घातली, तर मुलंच एकमेकांना आठवण करून द्यायला लागली, "पयले इचार ना त्याले!"

आणि खरी गंमत तिसऱ्या पायरीवर झाली. पोलिसानं विचारलं, "तुझ्या बाबाचं नाव काय?" उत्तर आलं, "बाबा." "गाव कोणतं?" "आमचं गाव." आम्ही फेऱ्या बदलत गेलो तेव्हा कळलं की वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना वडिलांचं पूर्ण नाव सांगता येत नाही, आणि आजीला तर 'आजी' याशिवाय नावच नाही. हजेरीपटावर सगळी नावं मी रोज वाचते, पण ही माहिती मला हजेरीपटानं कधी दिली नव्हती. त्या आठवड्यात गृहपाठ एकच दिला, आईबाबाचं नाव नि गावाचं नाव घरी विचारून यायचं. मोठ्या गटातल्या मुलांना ११२ हा नंबरही दाखवला. लाकडी ठोकळ्याच्या मोबाईलवर त्यांनी तो दाबला. लहान गटाला नंबर शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, नाव-गाव आलं तरी भरपूर.

एका फेरीला चार ते पाच मिनिटं पुरतात. त्यापुढे दंडारवाले खरोखरच नाचायला लागतात आणि हरवलेल्याकडे कुणाचं लक्ष राहात नाही. टाळी वाजली की भूमिका बदलायची. एका दिवशी दोन, फार तर तीन फेऱ्या. चार दिवसांत प्रत्येकाला एकदा तरी हरवायला नाहीतर शोधायला मिळतं. ज्याला पोलीस व्हायचंच आहे आणि हरवायचं नाही, त्याला आग्रह करून हरवायला लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. एक मुलगा तीन दिवस नुसता फुगेवाला झाला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "आता मी हरवतो."

मध्येच खेळ अडला तर बाहेरून सूचना देऊ नयेत. मी स्वतः आत जाते. डोक्यावर पदर घेतला की मी म्हातारी होते. पोलीस लेकराला दटावायला लागला होता, "काहून हरवला रे? मारू का?" मी म्हातारी होऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, तो भ्यायला आहे जी, थोडं पाणी द्या ना त्याला." पुढच्या फेरीपासून पोलीस चौकीत पाण्याचा गिलास आला, तो शेवटपर्यंत राहिला. 'असं बोलू नये' हे मी दहा वेळा सांगितलं असतं तरी ते झालं नसतं.

आता पोशाखाबद्दल. भाड्याच्या ड्रेसला माझा विरोध आहे. पैशाचा मुद्दा आहेच. रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या आईला एका दिवसासाठी ड्रेस आणायला सांगणं मला जमत नाही, आणि ज्याचा ड्रेस येत नाही ते लेकरू त्या दिवशी गैरहजर राहतं. पण त्याहून मोठा मुद्दा असा की पूर्ण ड्रेस एकाच मुलाच्या मापाचा असतो, तो टाळी वाजली की बदलता येत नाही. भूमिका न बदलणारं भूमिकानाट्य म्हणजे फॅन्सी ड्रेसच.

म्हणून एका मदतनीसाला एकच ओळखखूण, फार तर दोन. पोलिसाला टोपी आणि पट्टा. पुठ्ठ्याच्या खोक्यातून चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. या वयात डोक्याचा घेर साधारण ५० सेंटिमीटर असतो, उरलेले पाच एकमेकांवर चिकटवायला. पुढे अर्धगोल छज्जा चिकटवला की टोपी झाली. पट्टा म्हणजे जुन्या ओढणीची घडी, मागे खोचलेली. काठी अजिबात नाही. काठी दिली की पाच सेकंदांत खेळाचं भांडण होतं, आणि आपण जे पुसायला निघालो तेच परत लिहिलं जातं. शिट्टीपण नको, एकाच्या तोंडची शिट्टी बाराजणांच्या तोंडात जाते. भोंगा जुन्या कॅलेंडरच्या पानाचा करता येतो, पण तो तोंडापासून चार बोटं लांब धरायला शिकवा.

नर्सबाईचा खेळ घ्यायचा तर बाबांचा पांढरा शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीकडे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बुटाच्या खोक्याला निळा कागद लावला की लसीची पेटी होते. खऱ्या पेटीत बर्फाची चार पाकिटं असतात, त्या जागी चार लाकडी ठोकळे उभे लावायचे. मुलांनी ही पेटी अंगणवाडीत पाहिलेली असते, त्यामुळे ठोकळे का ठेवले ते तीच सांगतात. सुईच्या जागी खडू. खरी सिरिंज, बिनसुईची आणि धुतलेली असली तरी, खेळायला देऊ नका. ती खेळण्याची वस्तू आहे असं एकदा मनात बसलं की उकिरड्यावर पडलेलीसुद्धा लेकरू उचलणार. दंड मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी मात्र रंगीत कागदाची जरूर करा. ती बाहुलीच्या दंडाला गुंडाळताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

वायरमनला पायात मोठे बूट आणि हातात मोजे एवढं पुरतं. मात्र या खेळात खांबावर चढणं ठेवू नका. तार तुटून पडली आहे, लेकरं दूर उभी आहेत, एकजण मोठ्या माणसाला सांगायला जातो, मग वायरमन येतो, एवढाच प्रसंग. तारेला हात वायरमनच लावणार, आणि तोही आधी लाईन बंद केल्यावर.

नदीकाठच्या गावांत डोंगेवाला घेता येईल. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला मोठा पूर घरातल्या मोठ्यांनी पाहिला आहे, त्या गोष्टी लेकरांच्या कानावर असतात. जमिनीवर एक सतरंजी, हातात मोजपट्टीचं वल्हं.

एक गोष्ट सर्वच पोशाखांत पाळायची. गळ्याभोवती दोरी बांधायची नाही, स्टेथोस्कोपची नाही आणि ओळखपत्राचीही नाही. खिशात ठेवा किंवा खांद्यावर टाका. टाचणीही नको. लहान गटातल्या मुलांना वस्तू खऱ्यासारखी दिसावी लागते, मोठ्या गटाला ठोकळासुद्धा मोबाईल म्हणून चालतो. म्हणून आपली मेहनत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवा. पाच वर्षांच्यांना नुसतं सामान द्या, ती स्वतः बनवतील.

खेळानंतरच्या प्रश्नांत आपण फार घाई करतो. खेळ संपला की लगेच टोप्या काढून घेतो आणि विचारतो, "मग आपण काय शिकलो?" या प्रश्नाला चार वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं. दुसरा ठरलेला प्रश्न, "मोठेपणी तू कोण होणार?" हा मला सर्वांत निरुपयोगी वाटतो. त्यात मदतीचा संबंधच नाही, आणि उत्तर घरून पढवलेलं येतं.

मी टोप्या डोक्यावर असतानाच गोल बसवते. पहिला प्रश्न पोलिसाला नाही, हरवलेल्याला. "हात सुटला तेव्हा तुला कसं वाटलं?" मग "तू आधी कुणाला सांगितलंस?" मग पोलिसाला, "तू खाली काहून बसलास?" आणि शेवटी सगळ्यांना, "चौकीत कुणीच नसतं तर काय केलं असतं?" एवढे चार पुरे. लहान गटाला फक्त पहिले दोन, तेही दाखवून उत्तर देता येईल असे. 'का' चा प्रश्न तीन वर्षांच्या मुलाला जड जातो, 'कुणाला' आणि 'कुठे' जमतात. प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजा. पाच खूप वाटतात, पण बहुतेक उत्तरं चौथ्या-पाचव्या अंकावर येतात आणि तोवर आपण पुढच्या मुलाकडे वळलेलो असतो. उत्तर झाडीबोलीत आलं तर तसंच घ्या. 'मले भेव लागला' याला 'मला भीती वाटली असं म्हण' हे त्या क्षणी सांगितलं तर लेकरू भाषेकडे वळतं, भीतीबद्दलचं बोलणं तिथेच संपतं.

काही ताई-गुरुजी विचारतात की गावात पोलीस येतच नाही, मग हा मदतनीस घ्यावा का? घ्या, पण सुरुवात रोज दिसणाऱ्या माणसापासून करा. वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ च्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं आहे. एक पाच वर्षांची, एक सात वर्षांची, आणि त्या खेळतात काय, तर 'बहिणी-बहिणी'. रोज बहिणी असताना जे लक्षातही येत नाही, ते खेळात ठरवून करावं लागतं, म्हणून ते दिसू लागतं. मला हे वाचून आमच्या मदतनीसताई आठवल्या.

मी मुलांना विचारलं होतं, "आपल्याला कोण कोण मदत करतं?" तक्त्यावरची सगळी नावं आली, सैनिकापर्यंत. त्या वेळी मागे मदतनीसताई वर्ग झाडत होत्या. सकाळी घरोघरी जाऊन यातल्या अर्ध्या लेकरांना हाताला धरून त्यांनीच आणलं होतं. खिचडी त्यांनीच शिजवली होती. त्यांच्या पदाचं नावच मदतनीस. तरी एकाही मुलानं त्यांचं नाव घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी ते सुचलं नाही, दोन दिवसांनी सुचलं.

मग त्यांचाच खेळ केला. साहित्य म्हणजे एक खराटा, एक डाव, एक पातेलं आणि एक लुगड्याचा तुकडा. प्रसंग सकाळचा : ताई दारात येते, लेकरू यायला तयार नाही. मुलांनी ताईंची एकेक लकब अशी उचलली की आम्ही दोघी बघतच राहिलो. पदर खोचणं, दारात उभं राहून "चाल रे राजा" म्हणणं, एका हाताला दोघं नि दुसऱ्या हाताला एक धरणं. खिचडी वाढताना एक मुलगी प्रत्येकाला "मीठ बराबर आहे का?" विचारत होती. हे ताई रोज विचारतात, माझ्या कानांनी ते कधीच टिपलं नव्हतं.

इथे एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. याच आठवड्यात गुरं चारणाऱ्या गायकीचा आणि नाली साफ करणाऱ्या काकांचा खेळ घेतला, तर एक मुलगा दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याचा बाप नाली काढते." तो मुलगा खाली बघत बसला. अशा वेळी त्याच्या पालकाचं काम त्याच्याकडूनच करून घेऊ नका. माझी तीच चूक झाली होती. दुसऱ्या दिवशी खेळाची सुरुवात बदलली. आधी मी सतरंजीवर पाणी साचल्याचं दाखवलं, कागदाचे डास सोडले, बाहुल्या आजारी पडल्या. मग विचारलं, "आता कुणाला बोलवायचं?" आणि खराटा मी स्वतः घेतला, पदर खोचून. मला मदतीला दोघं हवेत म्हटल्यावर सात-आठजण उठले. तो मुलगा उठला नाही. मी त्याला उठवलंही नाही. नाली साफ झाली, बाहुल्या बऱ्या झाल्या, सगळ्यांनी हात धुतले. गोलात बसल्यावर मी विचारलं, "खराटा कसा धरला की घाण नीट निघते?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा तो उठला, माझ्या हातातून खराटा घेतला आणि म्हणाला, "असा नाही मॅडमजी, असा वाकडा धरा लागते."

मदतनीसताई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर सांगते तो."